आखडलेली बाही

गेल्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात अम्मीच्या पलंगाची चादर बदलताना गादीच्या पायथ्याशी एक बोचकं सापडलं. जुन्या ओढणीत गुंडाळलेल्या दोन सलवारी आणि एक खमीस. तिन्ही ओले, आणि तिन्हींना तो पावसाळ्यातला आंबूस वास. अम्मी खुर्चीवर बसून तस्बीह ओढत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, मीही काही विचारलं नाही. बोचकं उचललं आणि मोरीत नेलं.

अम्मीचं वय ऐंशीच्या पुढे. लघवीवरचा ताबा अधूनमधून सुटतो. त्याला औषध आहे, डॉक्टर आहेत, तो या लेखाचा विषय नाही. विषय कपड्यांचा आहे. पाच वक्तांची नमाज ती सोडत नाही आणि एक थेंब लागल्याचा संशय आला तरी त्या कपड्यावर ती नमाजीला बसत नाही. उन्हाळ्यात याचा कधी प्रश्न आला नाही. सहा जोड होते. धुतलेला जोड दुपारी दोरीवर टाकला की असरपर्यंत कडक. पण चिपळूणचा पाऊस! जुलैत वलणीवरचा सुती कपडा दोन दोन दिवस वाळत नाही. सहा जोडांतले चार वलणीवर, एक अंगावर, एक धुवायला. मग संध्याकाळी बदलायची वेळ आली की कोरडा कपडाच नाही. सुनेला सांगायला संकोच, मुलाला सांगायला त्याहून जास्त. म्हणून ते बोचकं.

मी निवृत्त झाल्यापासून घरातले कपडे माझ्याकडे आहेत. बायकोची सकाळची शाळा. त्यामुळे हा प्रश्न माझाच होता आणि मी तो पैसे टाकून सोडवला. ड्रायर आणला. २०२१ च्या पुरानंतर आमचं वॉशिंग मशीन वरच्या मजल्यावर गेलेलं आहे, त्याच्या शेजारी तो बसला.

इथे एक खुलासा. आपल्याकडे ड्रायर म्हटलं की बऱ्याच घरांत मशीनचं ते दुसरं भांडं डोळ्यांसमोर येतं, ज्यात कपडे गरगर फिरून पिळले जातात. तो ड्रायर नव्हे, पिळणारा. मी म्हणतोय तो गरम हवेचा. आत मोठा ड्रम, त्यात कपडे सावकाश उलटेपालटे होत राहतात, हवा तापवून त्यांच्यातून सोडली जाते आणि ओली झालेली हवा मागच्या पाइपातून बाहेर टाकली जाते. या दोन यंत्रांतला फरक मला नीट कळायला एक महिना, एक जोड कपडे आणि विजेचं एक बिल लागलं.

पहिल्या दिवशी मी जे केलं ते कुणीही करेल. मशीनमधून निघालेले सगळे कपडे, म्हणजे टॉवेल, माझे लेंगे, बायकोचे ड्रेस, अम्मीचे जोड, एकत्र ड्रायरमध्ये ढकलले, सुती कपड्यांचा कार्यक्रम लावला आणि खाली जाऊन पेपर वाचत बसलो. दीड तासाने कपडे निघाले ते भट्टीतून निघावेत तसे. हाताला चटका. टॉवेलची कड अजून दमट होती, पण अम्मीचा वॉयलचा खमीस कुरकुरीत पापडासारखा झालेला. मला फार आनंद झाला. अम्मीनेही दुआ दिली.

आठवड्याभरात त्याच खमिसाची बाही आखडली. अम्मीने आधी काही सांगितलं नाही. नमाजीला बसताना ती ओढणी मनगटावर ओढून धरू लागली, तेव्हा बायकोच्या लक्षात आलं. नमाजीत बाईचा चेहरा आणि पंजे सोडून सगळं झाकलेलं हवं. हात बांधताना ओढणी सरकते, रुकूत सरकते, आणि अम्मीचं निम्मं लक्ष मनगटावर. बायकोने टेप लावली. त्याच कापडाचे दोन खमीस एकाच वेळी शिवलेले होते, एक ड्रायरमध्ये फिरलेला, एक अजून न फिरलेला. न फिरलेल्याची बाही खांद्यापासून ५४ सेंटिमीटर. फिरलेल्याची साडेएकावन्न. अडीच सेंटिमीटर म्हणजे एक इंच. ऐकायला काही नाही, पण मनगटाचं हाड उघडं पडायला तेवढं पुरतं.

माझ्या पायजम्याचंही तेच झालं होतं. पण पुरुषाचा पायजमा घोट्याच्या वर असावा हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा मोहल्ल्यात कुणी काही बोललं नाही. एकाने उलट कौतुक केलं.

आता प्रश्न असा की ते खमीस काही नवे नव्हते. तीन वर्षं धुतले जात होते. जे आटायचं ते आधीच आटलेलं असणार, असं मी धरून चाललो होतो. तसं नसतं. सुताचा धागा पाण्यात फुगतो. आणि माग चालताना, कापड ताणून गुंडाळताना त्या धाग्यांवर जो ताण बसलेला असतो तो ओलेपणात सुटायला लागतो. दोरीवर वाळताना काय होतं, तर कपडा स्वतःच्या आणि पाण्याच्या वजनाने खाली ओढलेला राहतो. त्यात आपण झटकतो, बाह्या ओढून सरळ करतो, इस्त्री करताना पुन्हा ताणतो. म्हणजे दर वेळी थोडा आटतो आणि दर वेळी थोडा ताणला जातो. तीन वर्षं अम्मीचा खमीस असा ताणून लांब राहिला होता. ड्रायरमध्ये ताण कुठलाच नाही. कपडा उचलला जातो, पडतो, चुरगळतो, आणि प्रत्येक आपटीबरोबर फुगलेले धागे एकमेकांत सरकून बसतात. वर पाणी निघून गेलं की तिथेच घट्ट होतात. आपण सगळा दोष उष्णतेला देतो. उष्णता घाई करते, हे खरं. पण ताणाशिवायची ही आपटाआपटी आणि पूर्ण कोरडं होईपर्यंत ती चालू ठेवणं, हे जास्त नडतं. होजिअरीचे, म्हणजे विणलेल्या कापडाचे बनियन आणि टी-शर्ट तर याहून आटतात, कारण त्यांत धाग्यांच्या कड्या असतात आणि कडीला आखडायला जागा भरपूर.

शेवटचा कोरडेपणा काढू नये, हे इथून लक्षात आलं. आणि त्याच सुमाराला बिल आलं.

मीटर आमचा जिन्याखाली. बिलाने हादरल्यावर मी एक रविवार प्रयोगाला दिला. फ्रिज, गीझर, पंप, सगळं बंद करून फक्त ड्रायर चालवायचा आणि आधी-नंतर मीटरचा आकडा लिहायचा. कपडे मोजायला बॅगा तोलायचा हातकाटा होता, उमराहला जाताना घेतलेला. चादरीत कपडे बांधायचे, काट्याला लटकवायचे, वजन लिहायचं. बायको म्हणाली, "आता हाजी साहेब कपड्यांचं लगेज चेक करणार."

कोरडे असताना कपडे भरले तीन किलो. त्यांत अम्मीचे दोन जोड, एक चादर, आमचे चार-पाच कपडे. मशीनचा आमचा नेहमीचा कार्यक्रम नाजूक कपड्यांचा, त्यात पिळणं मिनिटाला सहाशे फेऱ्यांचं. त्यातून निघाल्यावर वजन पाच किलो सहाशे. म्हणजे कपड्यांत दोन लिटर सहाशे मिली पाणी. एक कळशी अर्धी भरेल इतकं पाणी मी रोज विजेने उकळल्यासारखं हवेत उडवत होतो. ड्रायर दीड तास चालला, मीटर २.८ युनिट पुढे गेला.

मग तेच कपडे पुन्हा भिजवले, धुतले आणि नेहमीचं पिळणं झाल्यावर मशीनवर नुसतं पिळण्याचं बटण दाबलं, बाराशे फेऱ्यांवर. दहा मिनिटं. वजन चार किलो सातशे. सुमारे नऊशे मिली पाणी मोरीच्या जाळीतून निघून गेलं आणि मीटर जेमतेम हलला, एक दशांश युनिटही नाही. ड्रायर त्यानंतर तासाभरात थांबला. १.९ युनिट.

हे बघितल्यावर बाकी सगळं मला आपोआप कळलं. एक लिटर पाण्याची वाफ करायला दोन तृतीयांश युनिट लागतंच, ते कुठलीही कंपनी कमी करू शकत नाही. आमच्यासारख्या साध्या ड्रायरला गळती धरून एकाच्या वर लागतं. पण तेच पाणी फिरवून बाहेर फेकायला जवळजवळ काही लागत नाही. म्हणून गरम हवेच्या ड्रायरची बचत त्या ड्रायरमध्ये नाहीच, ती शेजारच्या वॉशिंग मशीनमध्ये आहे. अर्ध-स्वयंचलित मशीनवाल्यांनी तर याबाबतीत नशीबवान समजावं, त्यांचं ते छोटं पिळणारं भांडं बहुतेक वेळा आमच्या मशीनपेक्षा जोरात फिरतं. (वाफेतली उष्णता पुन्हा वापरणारे हीट पंपाचे ड्रायर मिळतात, ते निम्म्याहून कमी वीज खातात. पण किंमत ऐकून मी दुकानातून बाहेर आलो.)

अम्मीची ओढणी आणि वॉयल जोरात पिळताना फाटेल अशी भीती होती. ते जाळीच्या पिशवीत घालतो. सुरकुत्या जास्त पडतात, हे कबूल.

तिसरा प्रयोग दुसऱ्या रविवारी. बाराशेवर पिळून ४.७ किलो. ड्रायर कमी उष्णतेवर, आणि पूर्ण वाळेपर्यंत नाही. मध्येच थांबवून काट्यावर बघायचं. साडेतीन किलो भरले तेव्हा बाहेर काढले. म्हणजे अर्धा लिटर पाणी अजून कपड्यांत होतं. मीटर १.३. प्रत्येक कपडा दोन्ही हातांनी जोरात झटकला, बाह्या शिवणीवर धरून लांबीला ओढल्या, कॉलर आणि गळा हाताने सरळ केला आणि आमच्या झोपायच्या खोलीत वलणीवर टाकला. इशानंतर टाकलेले कपडे फजरला कोरडे. बाही? या वेळी तो दुसरा, अजून ५४ चा असलेला खमीस फिरवला होता. साडेत्रेपन्न. पाच फेऱ्यांनंतरही साडेत्रेपन्नच.

इथे पंख्याचा हिशेब प्रामाणिकपणे सांगायला हवा. जुना छताचा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅटचा असतो, सहा तासांत तो जवळजवळ अर्धं युनिट घेतो. त्या अर्ध्या लिटर पाण्याला ड्रायरनेही तेवढंच, पाव-अर्धं इकडेतिकडे, घेतलं असतं. म्हणजे खास कपड्यांसाठी वेगळ्या खोलीत पंखा लावणार असाल तर वीज फार वाचत नाही. आम्ही झोपतो तिथला पंखा तसाही चालू असतो, म्हणून आमचं वाचतं. पण दोन्ही ठिकाणी कपडा वाचतो, आणि माझ्यासाठी मुख्य तेच होतं. शिवाय अर्धा लिटर ओल खोलीत पसरली तर चालतं. अडीच लिटर पसरली तर कपाटामागे बुरशी येते, हे आम्ही आधीच्या पावसाळ्यांत पाहिलेलं आहे.

ओलीवरून पाइपाचं आठवलं. ड्रायरचा मागचा पाइप खिडकीतून बाहेर काढलेला हवा. बसवायला आलेला मुलगा तो तसाच मोकळा सोडून गेला होता, "चालतं काका" म्हणून. पहिल्या चार दिवसांत त्या खोलीच्या भिंतीवरून पाणी ओघळायला लागलं आणि वाळायला वेळही वाढत गेला, कारण ड्रायर स्वतःच सोडलेली वाफ पुन्हा ओढून घेत होता. मला उगीच वाटे की बाहेरचीच हवा इतकी ओली, तर तिने कपडे वाळणार कसे. पण तापवण्यात गंमत आहे. अठ्ठावीस अंशांची, नव्वद टक्के आर्द्रतेची हवा साठ अंशांपर्यंत तापवली की तीच हवा सोळा-सतरा टक्क्यांची होते. पाणी तेवढंच, पण गरम हवेला आणखी कितीतरी पाणी पोटात घेता येतं. आमची दादी लहान बाळाच्या लंगोटांसाठी निखाऱ्याच्या शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालायची आणि त्यावर लंगोट पसरायची. तोच हा ड्रायर. फक्त धुराचा वास नाही.

थांबवायचं कधी, हा खरा कौशल्याचा भाग. रोज कोण काट्यावर वजन करणार! ड्रायरला आपण होऊन थांबायचे कार्यक्रम आहेत, त्यांत इस्त्रीपुरतं ओलसर असा एक असतो, तो बराच उपयोगी. पण तो सगळ्या कपड्यांची सरासरी धरतो, आणि सरासरीत वॉयल मरतं. जाड टॉवेल आणि पातळ खमीस एकत्र घातले की टॉवेल वाळेपर्यंत खमीस अर्धा तास कोरडा फिरत राहतो. म्हणून आता माझे दोन घाणे असतात. एक पातळ सुताचा: अम्मीचे जोड, ओढण्या, मलमलचे कुडते. दुसरा जाडाचा: टॉवेल, चादरी, जीन्स. ड्रम निम्माच भरायचा, साडेपाच किलोचा म्हणून साडेपाच किलो कोंबायचा नाही, नाहीतर कपडे उलटत नाहीत, गोळा होऊन फिरतात आणि मधला गोळा ओलाच. सलवारीची नाडी बांधून टाकायची. सुटी नाडी बाकीच्या कपड्यांना वेटोळे घालून सगळ्यांची मोट बांधते.

पातळ घाण्याला कमी उष्णतेवर आम्हाला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. मग दार उघडून एकच कपडा काढायचा. गरम असताना त्याच्यावर विश्वास ठेवू नये, गरम कपडा हाताला फसवतो. झटकून मिनिटभर धरायचा, थंड होऊ द्यायचा, मग बघायचं. पाठीचं कापड हाताला कोरडं आणि गार लागायला हवं, आणि शिवणी, नाडीचा नेफा, बगल, खिसा, बाहीची दुमड इथे स्पष्ट ओल हवी. अशी स्थिती आली की सगळे काढायचे. नेफाही कोरडा झाला असेल तर तुम्ही दहा मिनिटं उशिरा आलात. कपडा कडक, चुरचुरीत लागला तर त्याहून उशिरा.

त्या चुरचुरीतपणाचा मला पहिल्या दिवशी अभिमान वाटला होता. तो निव्वळ वाया गेलेला पैसा असतो. सूत कधीच पूर्ण कोरडं नसतं. साध्या हवेतही कोरड्या म्हणवणाऱ्या सुती कपड्यात वजनाच्या सात-आठ टक्के पाणी असतं, आणि आपल्या पावसाळी हवेत त्याहून बरंच जास्त. तुम्ही विजेने ते शेवटचं पाणी काढलंत, तरी कपाटात ठेवल्यावर संध्याकाळपर्यंत कपडा हवेतून ते परत पिऊन घेतो. पाणी परत येतं, बाही परत लांब होत नाही.

जाळी. ड्रायरच्या दारात एक जाळी असते, तिच्यावर प्रत्येक घाण्यानंतर करड्या रंगाचा मऊ थर जमतो. दर वेळी काढायचा. तो थर भरला की हवा कोंडते, वेळ वाढतो, वीज वाढते, आणि तो थर म्हणजे कोरडा कापूसच असल्याने आगीचंही भय. पहिल्या महिन्यात पूर्ण वाळवायचो तेव्हा चिमूटभर सापडायचा, आता त्याच्या निम्म्यानेही नाही. तो धूळ नसतो हे समजून घ्या. तो तुमचाच कुडता असतो, थोडा थोडा.

आणि दोन गोष्टी ड्रायरमध्ये मुळीच नाहीत. अम्मीच्या गुडघ्यांना रोज तेल लावतो, ते पुसायचे फडके आणि तेल लागलेला टॉवेल. धुतल्यावरही तेल सुतात राहतं आणि गरम ढिगात ते स्वतःहून तापत जाऊन पेट घेऊ शकतं. ते दोरीवरच वाळतात, दोन दिवस लागले तरी. दुसरी, पलंगावरची रबरी चादर.

पाकीचं एका वाचकाने मागे विचारलं होतं म्हणून सांगतो. आमच्याकडे अम्मीचा कपडा मशीनमध्ये जाण्याआधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली हाताने तीनदा खंगाळला जातो, प्रत्येक वेळी पिळून. पाकी पाण्याने होते. ड्रायर फक्त वाळवतो. आंबूस वास हा वेगळा मामला. कपडा तासन् तास ओला राहिला की त्यातले जंतू वाढतात आणि वास करतात. म्हणून मशीन थांबल्याबरोबर कपडे काढावेत, रात्री लावून सकाळी काढू नयेत. एकदा धरलेला वास ड्रायरने जात नाही, तो गरम होऊन आणखी उठतो. पुन्हा गरम पाण्यात धुवावं लागतं.

बिलाचं सांगून टाकतो. ड्रायरशिवाय आमचं पावसाळ्यातलं महिन्याचं मीटर २४० युनिटच्या आसपास असतं. रोज एक घाणा २.८ ने चालवला तर ८४ वाढतात, म्हणजे ३२४. नवीन पद्धतीने पंख्याचं सोडून ४० च्या घरात वाढले, २८० वर थांबलं. ३०० च्या पुढच्या युनिटांना दर आणखी चढा लागतो. (३०० ओलांडलं की सगळ्याच युनिटांना तो दर लागतो असा आमच्या गल्लीत पक्का समज आहे, तसं नाही, फक्त वरच्यांना लागतो.) आमच्या बिलावर १०० च्या वरचं युनिट सगळे आकार धरून बारा रुपयांच्या आसपास पडतं, तेव्हा महिन्याला पाचशे रुपये वाचले. यात कपड्यांची किंमत धरलेली नाही.

आटलेल्या त्या खमिसाचं काय केलं, तर आधी लांब करून पाहिला. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून, बाही हाताने थोडी थोडी ओढून टेबलावर सपाट पसरला आणि टोकांना वजनं ठेवली. एक सेंटिमीटर मिळाला. तोही पुढच्या धुण्यात अर्धा परत गेला. शेवटी शेजारच्या शिवणाऱ्या भाभींनी त्याच रंगाच्या जुन्या ओढणीची दोन इंची पट्टी बाह्यांना लावून दिली. त्यांनी तेव्हा एक गोष्ट सांगितली, जी आमच्या आईच्या पिढीला ठाऊक होती आणि आम्ही विसरलो: कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर भिजवा. मी त्यात भर घातली. नवीन वॉयल आणलं की मीटरला पाव मीटर जास्त घेतो असं नाही, पण जोडामागे पाव मीटर जास्त घेतोच. ते भिजवतो, धुतो आणि शिवण्याआधीच ड्रायरमध्ये दोनदा फिरवतो, या वेळी मुद्दाम पूर्ण कोरडं होईपर्यंत. जे आटायचं ते थान असतानाच आटू दे. गेल्या ईदला शिवलेले तीन जोड असे आहेत. आत्तापर्यंत टेप लावली तेव्हा बाही जागच्या जागी.

या जुलैत अम्मीकडे नऊ जोड आहेत आणि दुपारी तीनपर्यंत त्यांतले निदान चार तिच्या पलंगाजवळच्या टोपलीत घडी करून असतात. मी ड्रायरमधून कपडे काढले की सगळे आधी तिच्यासमोर आणतो. ती एकेक उचलते, नेफा चिमटीत धरते, मग बाहीची दुमड गालाला लावते. बहुतेक वेळा वलणीवर टाक म्हणते. परवा एक खमीस माझ्या हातात परत दिला.

"हा जास्त फिरवलास. पेपर वाचत होतास ना?"

वाचत होतो.